नववीतल्या मुलीचं बंद खातं

शाळेच्या पोर्टलचं काम बघणाऱ्या बाईंना अशा मेलचा वीट आला होता. पासवर्ड विसरायचा पोरांनी आणि बोलणी खायची बाईंनी! दुपारी पावणेचारला आणखी एक मेल आली. नववीतल्या एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, "मुलीचं लॉगिन होत नाही. प्रकल्प आज पाचच्या आत जमा करायचाय. कृपया खातं सुरू करून द्या. पोरगीच धांदरट आहे, कालपासून झापतोय तिला."

बाईंनी खातं उघडून पाहिलं. पासवर्डचा प्रश्नच नव्हता. खातं काल बंद केलं गेलं होतं, आणि कुणी केलं त्या रकान्यात बाईंचंच नाव होतं.

बाई चरकल्या. काल त्यांनी शाळा सोडून गेलेल्या मुलांची खाती बंद केली होती. या मुलीची थोरली बहीण त्यांतली. यादीत दोघी एकीखाली एक, आडनाव तेच. बाईंनी घाईघाईत दोघींच्या नावांवर खूण केली होती.

खातं सुरू करायला मिनिटही लागलं नाही. 'तांत्रिक अडचण दूर केली आहे' हे नेहमीचं वाक्य त्यांनी टाइप केलं आणि खोडलं. मग लिहिलं, "चूक माझी आहे. मुलीचा काहीच दोष नाही. तिला हे वाचून दाखवा."

पाचला दहा मिनिटं असताना वडिलांचं उत्तर आलं.

"प्रकल्प जमा झाला. तुमची मेल वाचून दाखवली. ती म्हणते, बाईंनी चूक कबूल केली, आता बाबा, तुमची मेल कधी येणार?"