साठ हजार तासांचा टीव्ही

टीव्हीला कपाटात कोंडणाऱ्या माणसांवर माझा राग आहे. भिवंडीतलं माझं दुरुस्तीचं दुकान अशाच माणसांवर चालतं हे खरं, पण राग तो राग.

मानकोलीच्या मितेशशेठने तर कहर केला होता. जमीन गोदामाला गेल्यावर त्याने बंगला बांधला, २००६च्या दिवाळीत मोठा एलसीडी घेतला आणि त्याच्यासाठी भिंतीत सागवानी कपाट करून घेतलं. पुढे काचेची सरकती दारं. धूळ बसू नये म्हणून टीव्ही चालू असतानाही ती बंदच. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत चित्र गायब व्हायला लागलं. आवाज तेवढा राहायचा.

टीव्ही घेऊन तो स्वतः गाडीतून आला. बरोबर आई होती, गुणाबाई. इथलं काम आटपून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, ऑपरेशनची तारीख घ्यायला. मी तिला खुर्ची दिली आणि स्क्रू काढायला बसलो. मितेश फोनवर बोलत बाहेर गेला, तसं तिनेच बोलायला सुरुवात केली.

चित्र जायला लागायच्या आधी ती दोन महिने अंबाडीला लेकीकडे राहून आली होती. घरी येऊन बघते तर टीव्ही अंधुक. पांढरे शर्ट हळद सांडल्यासारखे. तसं बोलून दाखवलं तर घरात कुणालाच काही दिसेना. मितेशने हिशोब मांडला: दुकानदार साठ हजार तास म्हणाला होता, रोज दहा तास धरले तरी सोळा वर्षं. म्हणजे टीव्ही ठणठणीत, डोळे आईचे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, घाई नाही. घरच्यांनी त्यातलं 'सुरुवात' तेवढं ऐकलं. तेव्हापासून विळी सुनेकडे गेली. नाक्यावर एकटीने मासळी आणायला जाणंही बंद, ट्रकखाली येशील म्हणून. जन्म खाडीकाठी गेलेली बाई, कल्ले उघडून मासा किती वेळचा ते सांगणारी. आता तिच्यासमोर साफ केलेली मासळी यायची.

"मना सगला दिसतं हाय," ती म्हणाली. "पन सांगू कुनाला?"

मला उगाचच मितेशचा राग आला. गिऱ्हाईक असला म्हणून काय झालं.

मी आधी सेटिंग बघितलं. शोरूममध्ये असतं तसंच, सगळ्यांत भडक, मागचा दिवा पार टोकाला. घरी आणल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मग पडद्याची मागची बाजू उघडली. आत पेन्सिलपेक्षा बारीक नळ्या असतात, ट्यूबलाइटसारख्या. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, तो या नळ्या देतात. बहुतेकांची टोकं काळवंडली होती, एक तर पेटतच नव्हती. एक नळी गेली की टीव्ही सगळाच उजेड बंद करतो, म्हणून नुसता आवाज. नळ्यांवरचा प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा उष्णतेने पिवळट पडला होता.

मितेश आत आला आणि साठ हजार तासांवर अडून बसला. मी सांगितलं, तो आकडा खोटा नाही, पण तेवढ्या तासांत उजेड निम्म्यावर येतो, असा त्याचा अर्थ. तोही मोकळ्या हवेत आणि दिवा बेताचा ठेवला तर. तुम्ही सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या मालिकांपर्यंत तो पूर्ण ताकदीवर चालवलात, वर कपाटात डांबलात. पडद्याची काच ठीक आहे, म्हातारा झालाय तो मागचा उजेड.

त्याला पटेना. मग मी जळालेल्या नळीच्या जागी एक नवी बसवली, पडदा परत जोडला. दुकानात त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा, बेताने वापरलेला एक सेट होता. दोन्ही शेजारी ठेवून एकच बातम्या लावल्या. निवेदकाचा सदरा एकीकडे पांढरा, दुसरीकडे मळकट पिवळा.

मितेशने पुढे वाकून दोन्ही सदरे पाहिले. मग त्याने विचारलं, आम्हाला कसं कळलं नाही?

"उजेड रोज थोडाथोडा उतरतो," मी म्हणालो. "रोज बघणाऱ्याला कळत नाही. या दोन महिने नव्हत्या, म्हणून यांना कळलं."

गुणाबाईने दोन्ही पडद्यांकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"टीव्ही रोज बघत व्हतास, त्याचा उजेड गेला तो तुला कललाच न्हाय," ती म्हणाली. "मी बी रोज समोरच व्हते रं. पन तू तं माजेकडं बघतबी न्हवतास."

मितेशने मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण मघाचा राग काही गेला नाही.

मी बाकीच्या नळ्यांबद्दल विचारलं. बदला, म्हणाला, आणि कपाटाची दारं काढून टाकतो. मग गाडीची किल्ली हातात घेऊन त्याने आईला विचारलं, दवाखाना नको ना मग?

"डॉक्टर बोलला घाई न्हाय, तं न्हाय," ती उठत म्हणाली. "नाक्यावं उतरव मना. तू घरी जा, मी मासली घेऊन येते."