डावा हात, उजवा हात

सकाळी लॅबमधलं मशीन वाजलं. गेनबा बराटेंच्या रक्ताच्या दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह. बाटलीत जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने तळाच्या चकतीचा रंग बदलतो आणि मशीन तो सतत तपासत असतं. पण जंतू कुठला, हे त्याला कळत नाही. ते आम्ही शोधायचं.

मी थेंब काचेवर घेऊन रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल जंतू दिसले, द्राक्षांच्या घडासारखे. असले जंतू कातडीवरही असतात आणि टोचताना सुईबरोबर बाटलीत येतात. म्हणून तर वर्षभर वॉर्डाच्या कानीकपाळी ओरडतेय, की दोन्ही हातांना वेगवेगळं टोचून रक्त घ्या. एकाच बाटलीत वाढले तर बहुधा कातडीवरचे, दोन्हींत वाढले तर बहुधा रक्तातले. या बाटल्यांवरची लेबलं तरी चोख होती. एकीवर डावा हात, दुसरीवर उजवा.

दोन्हींतलं रक्त जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरून ठेवलं. जंतूचं नाव आणि कुठलं औषध लागू पडेल, हे उद्या-परवा कळणार. तोवर थांबून चालत नाही, म्हणून वॉर्डात डॉक्टर कुंजीरांना फोन लावला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"दोन्ही हातांत आलंय, म्हणजे खरंच आहे मॅडम. तगडं अँटिबायोटिक सुरू करतो."

"दोनदा टोचलंत ना?"

"आपलाच नियम आहे. लेबल बघा की."

मागून सिस्टर शालू म्हणाल्या, "कुठला डावा हात, डॉक्टर? आजोबांचा डावा हात आल्यापासून खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे."