उणे तीन लाख

‘अर्जदार महिलेची निव्वळ संपत्ती सलग दोन वर्षे घसरून शून्याखाली गेली व त्यानंतरच्या एकाच वर्षात चौतीस लाखांनी वाढली. वाढीचा स्रोत स्पष्ट होत नाही. आर्थिक शिस्तीचा अभाव आणि माहिती दडवल्याची शक्यता पाहता कर्जाची शिफारस करता येत नाही.’

बँकेच्या पतअधिकाऱ्याने लिहिलेल्या या तीन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्यांची कुलीनता तेवढ्यावरच संपत होती. पहिल्या वाक्यात बाई कंगाल ठरली होती, दुसऱ्यात संशयित आणि तिसऱ्यात लबाड. एवढा प्रवास घडवायला मोठमोठ्या कादंबरीकारांना चारशे पाने लागतात.

ती जनावरांची डॉक्टर होती. ज्या दवाखान्यात तिने उमेदवारी केली आणि पुढे अर्धा कारभार अंगावर घेतला, तो दवाखाना म्हातारे मोठे डॉक्टर आता विकायला निघाले होते. त्यांना तो तिलाच द्यायचा होता. पण दवाखान्यांची साखळी चालवणारी एक कंपनी रोख पैसे घेऊन दारात उभी होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागत होती. “मला माझ्या टेबलावर माझंच माणूस हवंय,” ते म्हणाले होते, “पण पोरी, माझं निवृत्तीचं पेन्शन म्हणजे हेच टेबल आहे.” यात तिला वावगे काही दिसले नाही. शुक्रवार उद्यावर आला होता.

दवाखाना घेण्यासाठीच्या कर्जाच्या अर्जासोबत तिने चार वर्षांची निव्वळ संपत्तीची विवरणपत्रे जोडली होती. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती एका बाजूला जवळ काय आहे ते मांडी, दुसऱ्या बाजूला कुणाचे काय देणे आहे ते, आणि दुसरे पहिल्यातून वजा करी. उरलेला आकडा आलेखावर एका ठिपक्याने बसे. अठरा, बावीस, सत्तावीस, एकतीस लाख. ठिपके जोडणारी रेघ काही आकाशाला भिडणारी नव्हती. दम न लागता चढणाऱ्या माणसासारखी होती. पण आजवर कुणाचा आधार न घेता ती रेघ वर गेली होती, आणि तिच्याकडे बघताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा, एखादी अवघड प्रसूती नीट पार पडल्यावर व्हायचा, तसा होई.

बँकेने त्याच कागदांवरून आपला आलेख काढला होता. अठरा, चार, उणे तीन, एकतीस. हे म्हणजे निरोगी घोड्याचा एक्स-रे काढावा आणि त्यात उंट निघावा.

नवऱ्याने तो कागद उभाआडवा धरून पाहिला. “शून्याखालच्या बायकोबरोबर अख्खं वर्ष काढलं,” तो म्हणाला, “आणि मला साधी थंडीसुद्धा वाजली नाही.” ती हसली नाही. मग त्याने सरळ सुचवले की वाद घालत बसू नये, शुक्रवार महत्त्वाचा. तिला तेही पटत होते. आणि नेमका त्याचाच राग येत होता.

शाखाप्रमुख बाईंच्या खोलीत पतअधिकारी आधीच येऊन बसला होता. तरुण, इस्त्रीचा, फाइल मांडीवर. शाखाप्रमुख बाई समंजस होत्या, म्हणजे भांडण टाळण्यात वाकबगार. त्यांनी तोडगा तयारच ठेवला होता. घर तिने खरेदीच्या किमतीला, चाळीस लाखांना, धरले होते. बाजारात त्याचे बावन्न येत होते. नवा अर्ज भरायचा, घर बावन्नला दाखवायचे, मागची वर्षे जोडायचीच नाहीत. एकच ठिपका, तोही त्रेचाळीसचा. घसरण नाही, उसळी नाही, प्रश्नच नाही. “उद्या दुपारपर्यंत मंजुरी देते, मॅडम. तुमचं काम झाल्याशी मतलब.”

मोह झाला नाही असे तिने नंतर कधीच सांगितले नाही. बारा लाखांची श्रीमंती एका सहीवर मिळत होती.

“आणि हा शेरा?” तिने विचारले.

तो जुन्या अर्जाच्या फाइलमध्ये राहील, असे शाखाप्रमुख म्हणाल्या. कोण वाचतंय?

“मी वाचलाय,” ती म्हणाली. बाजारभावाला तिची हरकत नव्हती. पण मग चारही वर्षे त्याच मापाने मोजायला हवीत. तीन ठिपके खरेदीच्या किमतीने आणि चौथा बाजारभावाने, अशी रेघ ओढली तर तीही उसळीच. आणि ती मात्र खरोखरच खोटी असती. नवा अर्ज ती भरणार नव्हती. जुनाच पुन्हा वाचला जावा, आत्ता, इथे.

मग ती पतअधिकाऱ्याकडे वळली. आवाज चढला नाही. चावऱ्या कुत्र्यांशी बोलताना तिने तशी सवयच लावून घेतली होती.

“तिसऱ्या वर्षी माझी देणी किती धरलीत?”

“तेवीस. शिक्षणाच्या कर्जाचा एक राहिला होता आणि गृहकर्जाचे बावीस.”

“आणि मालमत्ता?”

“वीस. ठेवी, फंड, गाडी, उपकरणं.”

“ते बावीस लाख मी घेतले. मग गेले कुठे?”

“बिल्डरला. टप्प्याटप्प्यानं.”

“आणि माझे स्वतःचे आठ?”

“तेही बिल्डरलाच.”

“म्हणजे तीस लाख देऊन त्या वर्षी माझ्याकडे काय होतं?”

मग त्याने, प्रामाणिकपणेच, बँकेच्या छापील नमुन्यावर बोट ठेवले. रकाना ‘ताब्यातील स्थावर मालमत्ता’ असा होता. घर बांधून व्हायचे होते, ताबा मिळाला नव्हता. म्हणून रकाना कोरा. चौथ्या वर्षी ताबा मिळाला, म्हणून चाळीस लाख. नमुना वरच्या कार्यालयाचा होता, त्याचा नव्हता.

“बिल्डरकडे भरलेले पैसे ही माझीच मालमत्ता. मी ते ‘इतर’मध्ये लिहिले होते, पावत्यांसकट.”

त्याने पाने उलटली. नोंदी होत्या. पेन्सिलीने काट मारलेल्या.

“ते गृहकर्ज कुठल्या बँकेचं?”

उत्तर शाखाप्रमुख बाईंनाही ठाऊक होते, म्हणून त्या टेबलावरचा पेपरवेट बघू लागल्या. कर्ज याच शाखेचे होते. प्रत्येक टप्प्याचा हप्ता याच पतअधिकाऱ्याने, बांधकामाची पाहणी करून, सहीनिशी सोडला होता. आणि त्या बदल्यात बँकेने तेच अर्धवट बांधलेले घर गहाण ठेवून घेतले होते. गहाणाच्या फाइलमध्ये जे भक्कम तारण होते, ते दवाखान्याच्या फाइलमध्ये अस्तित्वातच नव्हते. तत्त्वज्ञांनी अस्तित्वावर शतकानुशतके जो खल केला, तो या शाखेने दोन कपाटांत निकालात काढला होता.

पतअधिकाऱ्याने कॅल्क्युलेटर ओढला. वीस अधिक तीस, वजा तेवीस. सत्तावीस. दुसऱ्या वर्षी सतरा अधिक अठरा, वजा तेरा. बावीस. पुन्हा केले. तेच आले. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि त्या क्षणी डॉक्टरीणबाईंना तो पहिल्यांदाच माणसासारखा दिसला.

शाखाप्रमुख बाई घाईने म्हणाल्या की तांत्रिक त्रुटी असे लिहून टाकू.

“त्रुटी कुणाची, तेही लिहा,” ती म्हणाली. “माझ्या नावापुढे लबाडी लिहिताना तुम्ही कर्ता गाळला नव्हता.”

मग पतअधिकाऱ्याने शाखाप्रमुखांकडे न बघता पेन काढले आणि स्वतःच्या शेऱ्याखाली, कुणी मजकूर सांगण्याची वाट न पाहता, लिहायला घेतले. लिहून झाल्यावर सही केली, तारीख घातली, शिफारशीच्या चौकटीत ‘मंजुरीयोग्य’ लिहिले आणि कागद आधी तिच्यापुढे सरकवला. तिने तो उभ्यानेच वाचला:

‘घरासाठी काढलेले कर्ज मी देण्यांत धरले, त्याच घरापोटी भरलेली रक्कम मात्र मालमत्तेतून मी स्वतः वगळली. अर्जदाराने काहीही दडवलेले नाही. शून्याखाली त्या कधीच गेल्या नव्हत्या. मी त्यांना नेले.’