ऊर्जा कुठं गेली?

सांगलीच्या कॉलेजात मानसिंगसर बारा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांचाच विद्यार्थी आकाराम, जतकडचा मेंढपाळाचा पोर, पंच्याहत्तर साली शेजारच्या वर्गावर लेक्चरर म्हणून आला आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं. पोरं त्याच्या तासाला दाराबाहेर उभी राहून ऐकत. आणि आता बी.एस्सी.चा शेवटच्या वर्षाचा वर्ग दोघांपैकी एकाला मिळायचा होता.

विभागप्रमुख आप्पासो आकारामचा तास बघायला मागच्या बाकावर बसले, तेव्हा सरही जाऊन बसले. चूक सापडावी म्हणून देव पाण्यात घातले होते म्हणा ना!

आकारामनं बागेतलं भरीव फळीचं गोल फिरतं चक्र फळ्यावर काढलं. वजन दोनशे किलो, त्रिज्या दोन मीटर, मिनिटाला दहा फेरे. पंचवीस किलोचं पोर सरळ आसाच्या दिशेनं उडी मारून कडेवर चढतं आणि तिथंच घट्ट धरून उभं राहतं.

"चक्राचं जडत्व आघूर्ण चारशे, पोराचं शंभर. आसाभोवती फिरवणारा बाहेरचा जोर न्हाई, म्हंजे कोनीय संवेग तेवढाच ऱ्हाणार. चारशे गुणिले दहा, भागिले पाचशे. फेरे झाले आठ."

सरांनी पटकन वहीत गतिज ऊर्जा मोजली. चक्राची एक पंचमांश ऊर्जा गायब! सापडला बेटा. ते ताडकन उठले.

"ऊर्जा कुठं गेली आकाराम? ती नष्ट होत न्हाई. ऊर्जा सारखी ठेवली तर फेरे जवळजवळ नऊ येतात!"

बोलून झाल्यावर मग सरांच्या डोक्यात उजेड पडला. पोर चक्राला चिकटलं, दोन्ही एकाच वेगानं फिरू लागली, म्हणजे ही पूर्ण अप्रत्यास्थ टक्कर. पोराचे पाय फळीवर घासतात, त्यात गतिज ऊर्जेची उष्णता होते. त्यांनी स्वतःच आकारामला हे शिकवलं होतं. मत्सरानं डोळ्यांवर पट्टी बांधली होती, दुसरं काय! ते हळूच खाली बसले.

आकारामनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग पोरांकडं वळला.

"ऐकलं न्हवं? सरांनी मुद्दाम चकवलंय तुमाला. सांगा, नऊ का न्हाईत?"

पोरांनी गलका करून उत्तर दिलं, वर टाळ्याही वाजवल्या. सरांसाठी.

बाहेर आल्यावर आप्पासोंनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "असा प्रश्न काढायला अनुभव लागतो, मानसिंगराव. वर्ग तुमचाच."

खरं सांगायला सरांनी तोंड उघडलं. "व्हय," एवढंच बाहेर पडलं.

आकाराम हसत अभिनंदन करायला आला आणि पायाला हात लावून गेला. सर त्याच्या पाठीकडं बघत राहिले. कालपर्यंत त्यांना त्याच्या शिकवण्याचाच हेवा वाटत होता. आता त्याच्या मनाचाही वाटायला लागला, आणि तसं मन कुठल्या वर्गात मिळतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.