विहीणबाईंचा मान

कॉफीचा मग गिझेलापुढे ठेवताना नीना किंचित वाकली आणि रात्रभर घोकून ठेवलेलं जर्मन वाक्य तिने अगदी स्वच्छ म्हटलं. फ्राउ लिंडनर, आपल्याला दूध हवं का? आपल्याला, म्हणजे जर्मनमधलं 'झी'. आपल्याकडचं 'तुम्ही', थोडं इस्त्री केलेलं.

गिझेलाचा हात मगापर्यंत पोचून तिथेच थांबला. तिने नीनाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, लंडनच्या पिनर भागातल्या त्या नीटनेटक्या रस्त्याकडे. नंतर तीही 'झी' म्हणूनच बोलली.

"डांकं, फ्राउ दामले. आपण फार तसदी घेता."

नीना खूश झाली. जमलं एकदाचं. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच वरमायेचा मान राखला गेला होता, तोही तिच्याच भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता. पुण्यात कॉलेजात असताना तीन वर्षं जर्मन शिकल्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं. तिच्या बाई नेहमी सांगायच्या, मुलं, देव आणि कुत्री यांना 'डू', म्हणजे तू, म्हणा, बाकी शंका आली की 'झी'. 'झी'ने कुणाचं काही बिघडत नाही.

खरं तर आदल्या संध्याकाळी बागेत वेगळंच झालं होतं. गिझेलाचं इंग्रजी बेताचं. तिच्या लहानपणी त्यांच्या भागात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, शाळेत रशियन शिकवत. त्यामुळे दोघींचं जे काही चाललं होतं ते नीनाच्या मोडक्या जर्मनमध्ये, 'झी' आणि 'फ्राउ' लावून. मध्येच गिझेला उठली, वाइनचा ग्लास हातात घेतला आणि म्हणाली की दोघींत आपण मोठ्या, तेव्हा हे आपणच म्हणायला हवं. यापुढे 'डू' म्हणू या. मी गिझेला. नीनाने आपला एल्डरफ्लॉवर सरबताचा ग्लास तिच्या ग्लासला लावला, मी नीना म्हणाली, आणि गिझेलाने तिचा हात हातात घेऊन दाबला. नीनाला फार बरं वाटलं होतं. लेक ज्या घरात जाणार त्या घरातली बाई प्रेमळ आहे, आईला आणखी काय हवं असतं?

पण मग हाउन्सलोहून वन्संचा फोन आला. रेखावन्सं म्हणजे संजयची थोरली बहीण, चाळीस वर्षं इंग्लंडात राहून रीतभात तसूभरही न सोडलेली. नीनाने कौतुकाने सगळं सांगितलं, तर त्या उखडल्याच.

"विहिणीला अगं-तुगं? मुलीची आई आहेस तू, नीना. त्या म्हणतील मोकळेपणाने, आपण आपली पायरी सोडू नये."

झालं. नीनाच्या जिवाला घोर लागला. कालच्या त्या अगंतुगंने लेकीचं, मायराचं, सासरी वजन कमी होणार, असं काहीतरी डोक्यात शिरलं. म्हणून सकाळी पुन्हा 'झी'. म्हणतात ना, करायला गेले एक आणि झालं भलतंच. फक्त ते कळायला तिला अकरा वाजले.

अकराला लुकास, म्हणजे होणारा जावई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आई बॅग भरते आहे, खाली येत नाही म्हणते, असं तो मायराला इंग्रजीत हळू सांगत होता. नीनाने गॅस बंद केला.

लुकासने तिला नीट समजावलं. आमच्याकडे 'डू' देणं ही मोठी गोष्ट असते. मोठ्याने द्यायचं, धाकट्याने मागायचं नाही. घेणारा आधीच नको म्हणाला तर लोक ओशाळतात, पण चालतं. एकदा घेतलं की मात्र ते परत करता येत नाही. 'डू'वरून 'झी'वर कोणी आलं, तर त्याचा अर्थ एकच, आपले संबंध संपले. त्याची मावशी आणि तिची नणंद घराच्या वाटणीवरून भांडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकींना 'झी' म्हणू लागल्या. सगळी गल्ली समजायची ते समजली. आणि आई शेजारच्या बाईंना कित्येक वर्षं ओळखते, त्यांनाही ती अजून 'झी'च म्हणते.

"रात्री माझं काय चुकलं, एवढंच ती विचारत्येय," लुकास म्हणाला.

नीना मटकन स्टुलावर बसली. पुण्याच्या बाईंनी पाऊल कसं टाकायचं ते शिकवलं होतं, ते मागे घेता येत नाही हे सांगायचं राहिलंच होतं. लेकीच्या सासूला तिने तिच्याच भाषेत, गोड हसून, घराबाहेर उभं केलं होतं.

ती वर गेली. गिझेला घड्या केलेले कपडे पुन्हा घड्या करत होती. नीनाने जमेल तशा जर्मनमध्ये सांगितलं. आमच्याकडे मुलाच्या आईला कधी 'डू' म्हणत नाहीत. तिला वर बसवतात. राग नव्हता, मान होता. बोलताना ती 'डू' आणि 'झी' दोन्हींना अडखळत होती, कारण आता कुठलं म्हणायचा आपल्याला हक्क उरलाय तेच तिला कळत नव्हतं.

गिझेलाने सगळं ऐकून घेतलं.

"वर बसवल्यावर मी बोलायचं कुणाशी?" ती म्हणाली. प्रश्नात ना 'डू' होतं ना 'झी'.

तिने बॅग पलंगाखाली सरकवली आणि निळा ब्लाउज इस्त्रीला घेतला. म्हणजे ती खाली येणार होती. नीनाचा जीव थोडा भांड्यात पडला, पण पुरता नाही.

साखरपुडा छान झाला. संजयने भटजींचं काम यूट्यूबच्या मदतीने केलं, अंगठ्या एकदाच पडल्या, आणि मसालेभात सगळ्यांना पुरला. गिझेला मात्र बराच वेळ मायराबरोबर स्वयंपाकघरात होती. दोघींचं ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठांतर चाललं होतं. नीना वाढपात होती. दोघींची नजरानजर झाली की दोघी हसत, पाहुण्यांनी हसावं तशा.

बाहेरची मंडळी जेवून सैलावली, तेव्हा गिझेला भरलेलं ताट घेऊन बैठकीत आली. रेखावन्संच्या समोरून, सोफ्यापाशी उभ्या असलेल्या नीनापर्यंत. तिने एक श्वास घेतला.

"नीना," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द जागेवर ठेवत. "तू बस. तू जेवली नाही."

रेखावन्संचा श्रीखंडाचा चमचा वाटीतच राहिला. वरमाय मुलीच्या आईला, चारचौघांत, तू. संजयने घसा खाकरला. कोणीतरी समजुतीने हसलं. परदेशी बाई, तिला काय माहीत, असं ते हसणं होतं. नीनालाही क्षणभर तसंच वाटलं. मायराला स्वतःलाच कुठे अहो-जाहो नीट येतं; ती पोस्टमनलाही तू म्हणते.

तेवढ्यात मायरा मागून कानाशी आली.

"आई, मी तिला 'तुम्ही' शिकवलं होतं. खूप वेळा. ती म्हणाली, तुम्ही नको, दुसरं दे."

नीनाने गिझेलाकडे पाहिलं. ती ताट पुढे धरून उभी होती. मोठीने द्यायचं असतं, धाकटीने मागायचं नसतं. ती पुन्हा एकदा देत होती, या वेळी दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या माणसांसमोर. नीनाचे डोळे भरून आले, आणि वन्सं बघताहेत याचं तिला काहीच वाटलं नाही.

तिने ताट घेतलं, सोफ्यावर बसली आणि शेजारची उशी बाजूला करून जागा केली.

"बसते गं," ती म्हणाली. "तूही बस."