दारावरची बाई

आईला वृद्धाश्रमात येऊन तीन आठवडे झाले, पण स्वतःच्या खोलीत पाऊल टाकायला ती तयार नव्हती. विसराळू माणसांना खोली सापडावी म्हणून तिथे दारावर ज्याचा त्याचा फोटो लावत. आईचा होता तो अर्जावरचा, पासपोर्टछाप: ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले.

"ही बाई रागावलीय. मी नाही जायची हिच्याकडे," असं म्हणून आई व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडून बसे.

"ताई, असंच चाललं तर त्यांना कुलूपबंद विभागात हलवावं लागेल," नर्स म्हणाली.

लेक स्वतः साठीची, गुडघ्यांनी बेजार. घरातल्या जुन्या फोटोंतली काळ्या केसांची बाई आईला ओळखू येईना, आणि नवा काढायला जावं तर कॅमेऱ्यासमोर आईचे ओठ पुन्हा मिटत. शेवटी दारावरचाच फोटो घेऊन, दोन जिने चढून ती स्टुडिओत गेली.

स्टुडिओवाल्या बाईंनी संगणकाकरवी तासाभरात हसू आणलं. फोटो दारावर लागला. आईने कौतुकाने पाहिलं.

"गोड आहे गं. कुणाची सून?"

लेकीने फोटो दारावरून उतरवला. मग ती पुन्हा स्टुडिओचे जिने चढली.

"चूक माझीच," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "यंत्राने बत्तीस सरळ दात बसवले, सुरकुत्या पुसल्या, गालावरचा तीळही खाल्ला. आणि डोळे मात्र तसेच रागीट. हसू काय नुसतं तोंडात असतं? आई हसते तेव्हा नक्की काय होतं, सांगा बघू."

लेकीला पटकन आठवेना. आई हसल्याला किती दिवस झाले! मग हळूहळू आठवत गेलं. "डावा डोळा आधी बारीक होतो. आणि वरच्या पुढच्या दाताला खाच आहे. जन्मभर शिवणकाम केलं, दोरा दातानेच तोडायची."

बाईंनी मूळ फोटो पुन्हा घेतला. कपाळ, कान, नाक, तीळ, पांढऱ्या बटा, सगळं जसंच्या तसं राखलं. गाल जरासे उचलले, खालच्या पापण्या वर आणल्या, डाव्या डोळ्याशी सुरकुत्या दाट केल्या. ओठ अर्धेच उघडले. खाच मात्र त्यांनी हाताने कोरली. यंत्राला ती दर वेळी बुजवायचीच हौस.

दुसऱ्या दिवशी आई दारावरच्या नव्या फोटोसमोर उभी राहिली. तिची जीभ वरच्या दाताकडे गेली, खाचेत चाचपून आली.

"ही मीच की."

"हो आई."

"एवढं शिवून झालं, अजून हसतेय? दमली नाही का मेली?"

"दमलीय गं."

"मग पडू दे तिला जरा," म्हणत आईने दार ढकललं. पलंगावर बसून, सरकून तिने शेजारी जागा केली. "तू पण ये. तुझाही चेहरा बघ, फोटो काढायला बसल्यासारखा झालाय."