नेलपॉलिशची रेघ

तापाने फणफणलेली दोन वर्षांची लेक आईच्या मांडीवर होती. नवऱ्याने नव्या बाटलीतलं पॅरासिटामॉल जुन्या बाटलीच्या टोपणात ओतलं, त्या बाटलीसाठी बायकोनेच ओढलेल्या नेलपॉलिशच्या रेघेपर्यंत. साडेसात मिली.

नवी असूनही बाटली ओघळांनी इतकी चिकट, की हात लावायची शिसारी यावी. लेबलावर केस, एक मेलेली मुंगी. तिने ओल्या फडक्याने घासलं, तेव्हा आकडा दिसला.

"पाच मिलीत अडीचशे मिलिग्रॅम आहे. जुन्यात एकशेवीस होतं."

"मग?"

"डॉक्टरांनी किलोला पंधरा सांगितलंय. बारा किलोच्या पोरीला एकशेऐंशी. यात एका मिलीत पन्नास, म्हणजे तीन पॉइंट सहा मिली. तू दुपटीहून जास्त ओतलंस."

"रेघ तुझीच ना?"

"त्या बाटलीची होती. लेबल वाचायला काय झालं होतं?"

"जरा जास्त गेलं तर ताप लवकर उतरेल गं. सकाळपासून दोनदा एवढंच दिलंय."

तिने टोपण बेसिनमध्ये उपडं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. तिकडे घंटी वाजत होती, आणि नवरा बोटांना लागलेलं औषध निवांत चाटत होता.